मे महिन्यात कॉम्प्युटरला स्वेटर

मी एकदा कॉम्प्युटरला स्वेटर घातला होता. तोही मे महिन्यात, आणि तोही बुऱ्हाणपुरात, जिथे त्या दिवसांत दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. नुसता घातला नव्हता, गळ्याशी बटणसुद्धा लावलं होतं.

तेव्हा माझं वय पासष्ट, म्हणजे तसं कोवळंच. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे मागे वळून बघते तेव्हा तिला कोपऱ्यात उभं करावंसं वाटतं. सातवी-आठवीच्या पोरांना आयुष्यभर उष्णता शिकवलेली विज्ञानाची बाई ती. लोकरीच्या धाग्यांत हवा अडकून राहते, हवा उष्णतेची दुर्वाहक, म्हणून लोकरीचे कपडे उबदार असतात, हे तिने फळ्यावर इतक्यांदा लिहिलं असेल की खडूला पाठ झालं असेल. "शास्त्रीय कारणे द्या"मध्ये हा प्रश्न ती दर वर्षी घालायची. स्वतःला घातला असता तर शून्य मिळालं असतं.

पण आमच्या पिढीच्या बायकांचा एक धर्म आहे. घरात कुठलीही नवी वस्तू आली की तिला आधी झाकायचं. टीव्हीला क्रोशाचा रुमाल, मिक्सरला झबलं, फ्रीजच्या मुठीला मोजा. आमच्या रिमोटनेही अजून उघड्या अंगाने जग पाहिलेलं नाही. तेव्हा माझ्या नातीने जेव्हा पत्त्याच्या पानाएवढा कॉम्प्युटर माझ्या हातात ठेवला, तेव्हा मी पहिला विचार काय केला असेल? "अरे देवा, हा तर उघडाच आहे!"

उघडाच होता तो. एकच हिरवी पाटी, तिच्यावर काळ्या चकत्या, कडेला वायरी लावायची भोकं, आणि मधल्या मोठ्या चकतीवर ॲल्युमिनियमचा एक दातेरी तुकडा चिकटवलेला. डबा नाही, पंखा नाही. आम्ही त्याला नुसतं 'बोर्ड' म्हणायचो. लहानशा बल्बाएवढी वीज खायचा.

तो घेतला होता माकडांसाठी. गच्चीवर मी पापड-कुरडया वाळत घातल्या की लंगुरांची टोळी यायची, आणि आमचे हे म्हणायचे की तू घालतेस त्यापेक्षा कमीच उतरवतेस, बहुतेक तूच खातेस. हा आरोप खोडायला नातीने गच्चीवर कॅमेरा लावून दिला आणि त्याचं चित्रण छोटं करून साठवायला हा बोर्ड. माकड आलं की दोन-तीन मिनिटांची फीत, ती बोर्ड दाबून-चेपून बारीक करायचा, मग मी ती घरच्या ग्रुपवर टाकायची. "हे बघा चोर." फार लोकप्रिय कार्यक्रम होता माझा.

हिवाळ्यात मी त्याला उरलेल्या पोपटी लोकरीचा स्वेटर विणला. वायरींना चार बाजूंना चार भोकं ठेवली. धूळ बसायला नको, एवढाच हेतू. स्वेटर घालूनही बोर्ड नीट चालत राहिला, कारण माकडाची फीत दोन-तीन मिनिटांची. तापायला लागायच्या आत काम संपायचं. म्हणजे मी मूर्खपणा केला होता, पण पकडला गेला नव्हता. अशा मूर्खपणाने माणसाला फार चढतं.

आता विहीणबाईंकडे येते. माझी मुलगी त्यांच्या घरात दिली. मुलगी-जावई इंदूरला, आणि विहीणबाई जवळच्याच डोईफोडिया गावात, व्याह्यांच्या केळीच्या शेतावर. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण आवाज माझ्या चौपट. केळीचा घड कापला की खोड बांधावर सडत पडतं, त्या खोडाचा धागा काढायला त्या शिकल्या, मग गावातल्या दहा-बारा जणींना शिकवलं. खोडाचे पदर सोलायचे, मशीनमध्ये सरकवायचे, पलीकडून गर निघून जातो आणि हातात राहतो पांढरा लांबलचक धागा, नव्या नवरीच्या केसांसारखा. त्याच्या टोपल्या, चटया, पर्स.

त्या वर्षी दिल्लीत हस्तकलेचा एक मोठा मेळावा व्हायचा होता. तिथे लोकांसमोर बसून करून दाखवायला कारागीर निवडणार होते. अर्जाबरोबर व्हिडिओ हवा होता: खोडापासून टोपलीपर्यंत, सलग, कुठेही न कापलेला, म्हणजे काम स्वतःच करता हे दिसावं. आणि फाइल एक जीबीच्या आत. विहीणबाई आयुष्यात खंडव्याच्या पलीकडे एकट्या गेल्या नव्हत्या, आणि जिथे जिथे गेल्या तिथे कुणाचं तरी लग्न किंवा बारावं होतं. "विहीणबाई," त्या मला म्हणाल्या होत्या, "एकदा तरी मले कोनी माझ्या कामासाठी बलवावं, जेवनाच्या पंगतीसाठी नाही."

हे ऐकल्यावर शूटिंग मीच करणार हे उघड होतं. माझ्याकडे नातीचा कॅमेरा होता, तिपाई होती, आणि माकडांमुळे जमा झालेला अनुभव. मी त्यांच्या शेडमध्ये तिपाई लावली आणि कॅमेऱ्याचं सगळ्यात मोठं सेटिंग निवडलं. मोठं ते चांगलं, हा आमच्या पिढीचा दुसरा धर्म. दोन तासांचं सलग चित्रण झालं. घरी येऊन पाहते तो फाइल एवढी प्रचंड, की एक जीबीच्या दारातून ती जाणं म्हणजे हत्तीला मोरीतून बाहेर काढणं.

नातीला फोन लावला. ती पुण्यात, कुठल्या कंपनीत प्रशिक्षणाला, लॅपटॉप तिच्याबरोबर.

"आजी, फोर-के मध्ये का शूट केलंस? छोट्या सेटिंगवर केलं असतंस तर काहीच करावं लागलं नसतं!"

"मला काय माहीत? दिल्लीवाले मोठे लोक."

"दिल्लीवाले फोनवरच बघणार आहेत, आजी. कुठल्या स्टुडिओत दे ना."

स्टुडिओवाल्याला विचारून झालं होतं. लग्नसराई. तो म्हणाला, मॅडम, चौदा नवऱ्या माझ्या कॉम्प्युटरवर बसल्यात, तुमच्या टोपलीला जागा नाही. माझ्या फोनमध्ये ती फाइल मावतच नव्हती. अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला संपणार.

"मग बोर्डवर कर," नात म्हणाली. "पण तो गरीब आहे. इतकं मोठं चित्र उघडायचं, लहान करायचं, परत नव्याने लिहायचं, म्हणजे एन्कोड करायचं. रिअल टाइममध्ये नाही होणार. दोन तासांच्या व्हिडिओला दोन तासांपेक्षा पुष्कळ जास्त लागतील. आणि एक सांगते, एकच सलग काम नको लावू. मी कमांड पाठवते, ती दहा-दहा मिनिटांचे बारा तुकडे एकामागून एक करेल, शेवटी जोडायचे. जोडताना परत एन्कोड करायचं नाही, नुसते एकापुढे एक चिकटतात, कळतही नाही. मध्ये काही झालं तर एकच तुकडा जाईल."

त्यानंतर तिने एक लांबलचक मेसेज पाठवला. मी त्यातल्या वरच्या, तुकडे करायच्या आणि जोडायच्या कमांड तेवढ्या उतरवून घेतल्या. बाकीचं वाचलं नाही. मेसेज सूचनांचा होता, आणि मी शिक्षिका. सूचना द्यायची सवय, घ्यायची नाही.

सकाळी मी आधी एक मिनिटाचा तुकडा करून पाहिला. तीन मिनिटं लागली. वा! एकास तीन. सोपं त्रैराशिक. एका तुकड्याला अर्धा तास, बारा तुकड्यांना सहा तास. आठला सुरू केलं की दोनला जेवून ताट उचलेपर्यंत तयार. मी विहीणबाईंना फोन करून सांगितलं की तुमची दिल्ली दुपारी दोनला निघते, तुम्ही अर्ज बघायला इकडेच या, बसने.

मग बोर्डला स्वेटर घातला, कारण कूलर सुरू होता आणि कूलरबरोबर धूळ येते. बटण लावलं. आणि शेवग्याच्या शेंगा चिरायला बसले.

बाराच्या सुमाराला विहीणबाई आल्या. घामाने निथळत, डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत कच्ची केळी. पाणी पिऊन झाल्यावर पहिला प्रश्न: "कुठं पोचली माझी दिल्ली?"

मी ऐटीत बोर्डला जोडलेल्या पडद्यासमोर बसले. आठ तुकडे व्हायला हवे होते. झाले होते पाच.

मी परत मोजले. पाचच. पडद्यावर गतीचा एक आकडा सारखा दिसत राहतो. एक असेल तर व्हिडिओइतक्याच वेगाने काम चाललंय. सकाळी तो शून्य पूर्णांक तेहतीस होता. आता सोळाच्या आसपास रेंगाळत होता. निम्मा!

"काय झालं?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही, जरा दमलाय."

"दमला? बसून बसून?"

मी हिशेब केला. या चालीने राहिलेल्या सात तुकड्यांना सात तास. संध्याकाळचे सात. आणि दरवाजा सहाला बंद. विहीणबाईंना आकडे सांगायची गरज पडली नाही, त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत न बसता जमिनीवर बसल्या. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई एकदम हळू म्हणाली, "जाऊ द्या मंग. नशीब."

ते ऐकून मला इतकी चीड आली, नशिबाची, बोर्डाची, त्रैराशिकाची, की मी नातीला फोन लावला आणि ती तिच्या ऑफिसात आहे हेही विसरले.

"आजी, टेंपरेचर किती आहे?"

"त्रेचाळीस असेल बाहेर."

"बुऱ्हाणपूरचं नाही गं, बोर्डचं! मेसेजमध्ये कमांड दिली होती ना, तापमान बघायची?"

ती त्या न वाचलेल्या भागात होती. शोधली, टाइप केली. पडद्यावर आकडा आला: चौऱ्याऐंशी.

"बाप रे," नात म्हणाली. "आता दुसरी कमांड. हं, हे बघ, तो स्वतःच सांगतोय की आत्ता त्याने गती कमी केलीय. ऐंशीच्या पुढे गेलं की चिप आपणहून हळू होते, जळू नये म्हणून. बिघडलेला नाहीये, स्वतःला वाचवतोय बिचारा. म्हणून तर मी लिहिलं होतं, एक मिनिटाच्या टेस्टवर भरवसा ठेवू नको. थंड बोर्ड एक मिनिट कितीही पळेल. अर्धा तास चालवून बघ, तेव्हा त्याची खरी चाल कळते. पण चौऱ्याऐंशी म्हणजे… आजी, हवा नाही का लागत त्याला? कुठे ठेवलायस?"

मी स्वेटरचं बटण चाचपलं.

"आजी?"

"टेबलावरच आहे," मी म्हटलं.

"उघडा आहे ना?"

विहीणबाईंनी फोनपाशी तोंड आणलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "स्वेटर घालून बसलाय, पोपटी!"

पुण्याच्या त्या ऑफिसात त्या क्षणी काय झालं असेल देव जाणे. पलीकडून एक चमत्कारिक घुसमटलेला आवाज आला, मग नात म्हणाली, "मैं अभी आई, एक मिनट," आणि मग बाहेर जाऊन ती जी हसली! सातवी 'ब' सुद्धा माझ्यावर कधी एवढी हसली नव्हती.

"आजी, तू सायन्सची टीचर होतीस ना?"

"तापमान वाढतंय, बोल लवकर!"

स्वेटर काढला. बटण पटकन निघेना, तेव्हा विहीणबाईंनी विळीवर ते बटण कापलं. बोर्ड चटका देण्याइतका तापला होता. नातीच्या सांगण्यावरून तो आडवा न ठेवता उभा केला, दोन पुस्तकांच्या मध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हवा खेळेल. मग कूलर वळवला. पाण्याची मोटर बंद केली, कारण ओल नको, नुसता पंखा.

कूलर ज्या खाटेकडे होता तिच्यावर आमचे हे आधीच जेवून वामकुक्षी करत होते. हवा गेल्याबरोबर एक डोळा उघडला.

"इकडची हवा कुठे गेली?"

"बोर्डला हवीय."

"मी इथे भाजून निघतोय, आणि त्या चिपड्याला हवा?"

"तुम्ही काही एन्कोड करताय का?" मी म्हटलं.

आम्ही दोघी पडद्याला चिकटून बसलो. ब्याऐंशी. एकोणऐंशी. पंचाहत्तर. आणि तो गतीचा आकडा, तो बिचारा, जणू काठी टाकून उभा राहिला. वीस. सव्वीस. एकतीस! विहीणबाईंनी माझ्या पाठीत अशी थाप मारली की चष्मा मांडीवर पडला. अडुसष्टला पारा थांबला आणि गती परत सकाळच्या जागी. तासाभरात दोन तुकडे. आता साडेतीनपर्यंत व्हायला हरकत नव्हती. मी शेंगांची आमटी वाढली. आम्ही ताटं घेऊन पडद्यासमोरच जेवलो, क्रिकेटची मॅच बघत असल्यासारख्या.

आणि एकच्या पुढे लाइट गेली.

मे महिन्यातली दुपार, लाइट जाणारच. इन्व्हर्टर होता, पण तो उचलायच्या आत क्षणभर सगळं मिणमिणलं, आणि तेवढ्यात बोर्ड बंद पडून परत सुरू झाला. आठवा तुकडा अर्ध्यावर होता, तो गेला. असा अर्धवट तुकडा उघडतही नाही. फाइलचं शेवटचं पान लिहायचं राहिलेलं असतं, त्याशिवाय तिला आपलं आपणच वाचता येत नाही. पण आधीचे सात जसेच्या तसे होते. बाराही तुकड्यांचं काम एका फाइलीत लावलं असतं तर त्या क्षणी माझ्या हातात फक्त स्वेटर उरला असता. नातीला मनातल्या मनात नमस्कार केला आणि आठव्यापासून कमांड परत दिली.

इन्व्हर्टरवर बोर्ड आरामात चालतो, त्याचं खाणंच किती. पण कूलर इन्व्हर्टरवर नव्हता. पाच-सात मिनिटांत पारा चढू लागला. एकाहत्तर, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर.

"वारा घालायचा ना? वारा म्हंजे वारा," विहीणबाई उठल्या. मी जुनं कॅलेंडर शोधत होते तोवर त्यांनी स्वयंपाकघरातून सूप आणलं. धान्य पाखडतात ते सूप! पदर कमरेला खोचला, टेबलासमोर मांडी ठोकली आणि सुपाने वारा घालायला लागल्या. धान्य पाखडल्याच्याच तालात.

"हळू! उडून जाईल तो!"

"आकडा सांगा तुम्ही, आकडा!"

"सत्त्याहत्तर! पंचाहत्तर! बाहत्तर!"

"आनि आता?" त्यांनी हात थांबवला, नुसतं बघायला.

"त्र्याहत्तर… पंचाहत्तर… अहो घाला, घाला!"

त्यांना खेळच सापडला. आपण हात हलवला की पारा उतरतो, थांबवला की चढतो, हे डोळ्यांसमोर दिसतंय म्हटल्यावर ती बाई थांबते कसली. मला आकडे ओरडायचं काम. त्यांचा हात दमला की मी सूप घ्यायची आणि त्या ओरडायच्या. माझ्या वाऱ्याला त्र्याहत्तरच्या खाली काही पारा उतरेना. "शिक्षकाचा हात हाय तो," विहीणबाई म्हणाल्या, "फक्त खडू उचललाय त्यानं." मग खाटेवरून आमचे हे उठले. माझा कूलर गेला तर गेला, म्हणाले, पण मला झोपू तरी द्या. आणि पाचच मिनिटांत ते स्वतःच सूप घेऊन बसले. त्यांनी सत्तरच्या खाली आणला तेव्हा विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंकडून आमच्या ह्यांचा इतका मान याआधी कधी झाला नव्हता. घामाने तिघांचे कपडे अंगाला चिकटलेले, आणि मला मात्र लहानपणी गल्लीत लंगडी खेळताना वाटायचं तसं वाटत होतं.

लाइट आली तेव्हा दहावा तुकडा संपत आला होता. बारावा झाला तेव्हा चार वाजून गेले होते. नातीची जोडायची कमांड दिली. जिथे एवढा दिवस गेला तिथे हे काम चहा गाळून होईपर्यंत झालं, कारण जोडताना नव्याने काही बनवायचंच नव्हतं. फाइल एक जीबीच्या आत बसली. मी म्हटलं, पाठवण्याआधी नजर टाकू.

आणि इथे विहीणबाईंनी पहिल्यांदा स्वतःला पाहिलं. त्या पडद्यावर खोड सोलत होत्या, मशीनमध्ये सारत होत्या, धाग्याला पाण्याखाली धरून बोटांनी विंचरत होत्या. खऱ्या विहीणबाई माझ्या शेजारी तोंडावर हात ठेवून बसलेल्या. "असं करते मी?" असं दोनदा म्हणाल्या. मग टोपली विणण्याचा भाग आला, आणि एका जागी व्याही चित्रात शिरले. शूटिंगच्या वेळी मी कॅमेऱ्यामागे चहा पीत होते, माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते म्हणतात, चहा नाही का? आणि विहीणबाई, हातातला धागा न सोडता, मान न उचलता, "दिसत नाही का मी काम करू राह्यली? स्वतःच्या हातानं करा, मलेबी आना." व्याही जातात. थोड्या वेळाने दोन कप घेऊन परत येतात, एक विहीणबाईंपाशी ठेवतात, आणि उभे राहून टोपलीकडे बघत बसतात.

"अरे बाप!" विहीणबाई ओरडल्या. "हे काढा! आत्ता काढा!"

"कापायचं नाही, नियम आहे."

"मंग धाडूच नका! दिल्लीचे लोक काय म्हनतील? नवऱ्याला असं बोलते म्हनतील!"

"बोलताच तुम्ही."

"घरात बोलते! दिल्लीत कुठं बोलते!"

घड्याळात पाच वाजत आले होते. नवीन काही करायला वेळ नव्हता, आणि मनातून सांगायचं तर वेळ असता तरी मी केलं नसतं. त्या दोन तासांत मला आवडलेलं सगळ्यात सुंदर काही असेल तर ते दोन कप होते. मी विहीणबाईंना म्हटलं, "तुम्हाला कामासाठी बोलवायला हवंय ना? मग हेच काम आहे तुमचं, असंच चालतं ते." विहीणबाई थांबवलेल्या चित्राकडे, टोपलीकडे बघणाऱ्या व्याह्यांकडे बघत राहिल्या. मग माझा माउसवरचा हात त्यांनीच धरून दाबला. पट्टी सरकायला लागली. टक्के मोजताना आम्ही परत ओरडत होतो, सवयच लागली होती. शंभर झाले तेव्हा सहाला अजून बराच वेळ होता, आणि करायला काहीच उरलं नाही म्हणून आम्ही दोघी थोड्या बावरलो.

उत्तर यायला दोन-अडीच आठवडे लागले. तेवढ्यात मी बोर्डला एक छोटा पंखा बसवला, रुपयाच्या नाण्याहून जरा मोठा, आणि नातीचा मेसेज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. त्यात शेवटी लिहिलं होतं, "आजी, हे सगळं वाचशील ना?" पासष्ट वर्षांची ती बाई, जिला मी आता हसते, तिने ते तेव्हा वाचलं असतं तर दुपार वाचली असती. पण तिच्यावर फार रागावता येत नाही मला. तिने वाचलं असतं तर सूपही निघालं नसतं.

एके सकाळी विहीणबाईंचा फोन. आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी चाललं असतं. निवड झाली होती. दिल्लीहून फोनवर ज्या बाई बोलल्या त्या खूप हसत होत्या म्हणे, आणि त्यांनी विचारलं होतं की चहावाले काका पण येणार का. मी विचारलं, मग व्याही निघाले का दिल्लीला? तर म्हणाल्या, केळी कोन बघंल, त्यांना कुठं नेता. आणि मग शेतावरून थेट माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या:

"संगं एक मदतनीस नेता येते म्हने, मी तुमचं नाव देऊन टाकलं, पन आत्ताच सांगून ठेवते विहीनबाई, तिथं हातात धागा माझ्या राहीन, खोड उचलाचं काम तुमचं."